पाच माणसे, सात रात्री आणि एक तक्ता

प्रश्न : डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही जोधपूर-जैसलमेरला निघालो आहोत. मी, माझे यजमान, सासूबाई (वय ६८, रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू), मुलगी ११ वर्षांची आणि मुलगा ३ वर्षांचा. शनिवारी दुपारी वांद्रे टर्मिनसहून गाडी आहे आणि पुढच्या शनिवारी परत. मध्ये एक रात्र सम येथे वाळवंटातल्या तंबूत. मी दरवेळी यादी करते. तरी कधी चार्जर राहतो, कधी मुलाची टोपी, आणि बॅगा मात्र बंद होत नाहीत. माणसांनुसार यादी करावी की वस्तूंनुसार? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : दोन्ही, आणि एकाच कागदावर. माणसांनुसार केलेल्या यादीत सामाईक वस्तू निसटतात, कारण टूथपेस्ट किंवा चार्जर कुणा एकाचा नसतो आणि ‘तिने घेतला असेल’ असे प्रत्येक जण गृहीत धरतो. वस्तूंनुसार केलेल्या यादीत ‘टोप्या’ असे एकदा लिहिले की चार टोप्या पाहूनही खूण होऊन जाते आणि पाचवी राहिल्याचे कळत नाही. तुमच्या मुलाच्या टोपीचे असेच झाले असावे. म्हणून यादीऐवजी तक्ता आखा. वहीचे जोडपान आडवे धरा आणि वरच्या बाजूला सहा रकाने करा : तुम्ही, यजमान, सासूबाई, मुलगी, मुलगा आणि सहावा ‘सामाईक’. डाव्या बाजूला आठ ओळी : कपडे, पादत्राणे, औषधे, अंघोळ-प्रसाधन, कागदपत्रे व पैसे, चार्जर व उपकरणे, खाणे-पाणी, करमणूक. एकूण ४८ चौकटी होतात. त्यांतल्या बऱ्याच रिकाम्या राहतील. पण रिकामी चौकट तशीच सोडू नका, तिथे ‘नाही’ असे लिहा. मुलाच्या रकान्यात औषधांपुढे ‘नाही’ लिहिताना हात थांबतो आणि तापाचे औषध आठवते. कोऱ्या जागेने तसे होत नाही.

चौकटीत वस्तूचे नाव लिहिताना पुढे दोन गोष्टी लिहा : किती आणि कोणत्या बॅगेत. ‘मोजे’ ही नोंद अपुरी आहे; ‘मोजे ५ जोड, बॅग २’ ही नोंद पुरी आहे. सामाईक रकान्यात तिसरी गोष्टही लागते, ती म्हणजे जबाबदार माणसाचे नाव. ‘सर्वांनी लक्ष ठेवणे’ असे ठरले की चार्जर घरच्याच भिंतीला राहतो.

आता कपड्यांकडे वळू, कारण बॅगा फुगतात त्या याच ओळीमुळे. बहुतेक घरी दिवस मोजून कपडे घेतले जातात आणि वर ‘असू दे’ म्हणून दोन जोड जास्त ठेवले जातात. त्यापेक्षा कपडे कुठे धुता येतील ते आधी ठरवावे आणि मग मोजावे. तुमचा कार्यक्रम मी असा धरतो : शनिवारची रात्र गाडीत, रविवार-सोमवार जोधपूर, मंगळवारी मोटारीने जैसलमेर, बुधवारची रात्र समला, गुरुवारी पुन्हा जैसलमेर, शुक्रवारी जोधपूरला येऊन रात्रीची गाडी. सोमवारी सकाळी शनिवारचा आणि रविवारचा असे दोन जोड धुऊन गच्चीत किंवा खिडकीत टाकले, तर राजस्थानच्या कोरड्या हवेत आणि उन्हात सुती कपडे संध्याकाळपर्यंत वाळतात. म्हणजे प्रत्येक मोठ्या माणसाला पाच जोड पुरतात, एक अंगावर आणि चार बॅगेत. शनिवारी पहिला, मग रोज एक असे बुधवारपर्यंत पाच होतात. गुरुवारी आणि शुक्रवारी धुतलेले दोन. शेवटच्या सकाळी घरी पोहोचेपर्यंत शुक्रवारचाच अंगावर राहतो. हा हिशोब वरच्या कपड्यांचा आहे. पँट, सलवार किंवा जीन्स तीन पुरतात, त्यांतली एक अंगावर. जीन्स वाळायला वेळ घेते, म्हणून ती धुण्याच्या हिशोबात धरू नका. अंतर्वस्त्रे मात्र सहा-सात घ्या; त्यांचे वजन नगण्य असते आणि कमी पडली तर पंचाईत फार होते.

धुण्यासाठी सामाईक रकान्यात तीन गोष्टी लिहा : साबणाची छोटी वडी, दोन-तीन मीटर नायलॉनची दोरी आणि दहा चिमटे. दोरी न्यायला लोक विसरतात आणि मग ओले कपडे खुर्चीच्या पाठीवर दोन दिवस दमट राहतात.

सासूबाई साडी नेसत असतील तर त्यांची चौकट वेगळ्या हिशोबाने भरावी लागेल. साड्या चार पुरतात, कारण साडी दोनदा नेसता येते. अडचण होते ती पोलक्यांची आणि परकरांची. प्रत्येक साडीला स्वतंत्र पोलके घेतले की चार साड्यांच्या आठ वस्तू होतात आणि त्यांतले एक घामाने खराब झाले की ती साडीही बाद होते. दोन रंगांची चार पोलकी आणि त्यांवर चालतील अशाच साड्या निवडा, म्हणजे कोणतेही पोलके दोन साड्यांवर जाईल. परकर तीन, रात्रीचा गाऊन एक, आणि साडीखाली घालता येईल अशी उबदार लेगिंग एक. ही शेवटची वस्तू बहुतेकींच्या यादीत नसते, पण तंबूतल्या रात्री स्वेटरपेक्षा तिचा उपयोग जास्त होतो, कारण साडीत थंडी पायांकडून चढते.

तीन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचे सूत्र लावू नका. त्याच्याबाबतीत दिवस मोजायचे नसून सांडासांडी मोजायची असते. दिवसाला दोन जोड धरले तर सात दिवसांचे चौदा होतात. पण त्याचे कपडे छोटे असतात, रोज रात्री बादलीत खळबळून टाकता येतात. म्हणून आठ जोड पुरेत, आणि त्यांतला एक पूर्ण जोड नेहमी हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नव्हे. रात्री डायपर लागत असेल तर रात्री सात, प्रत्येकी एक, आणि दोन गाड्यांसाठी व लांबच्या मोटारप्रवासासाठी तीन, असे दहा लिहा. अख्खे पाकीट उचलून नेण्याची गरज नाही. जोधपूर आणि जैसलमेर दोन्हीकडे दुकाने आहेत. दुकान नाही ते समला, तेवढे ध्यानात ठेवा.

डिसेंबरअखेर तिकडे दुपारी पाव बाह्यांच्या शर्टात फिरता येते आणि रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. उघड्या वाळवंटात तो आणखी बोचरा वाटतो. असल्या हवेत एक जाडजूड कोट नेण्यापेक्षा थर नेणे शहाणपणाचे. प्रत्येकाला आतला उबदार जोड एक (मुलाला दोन), स्वेटर एक, वारा अडवणारे जाकीट एक, कानटोपी एक, मोजे पाच जोड. स्वेटर रोज बदलायचा नसतो, त्यामुळे इथे ‘दोन असू देत’ हा मोह आवरा. जाकिटे बॅगेत भरूच नका. ती अंगावर किंवा हातात घेऊन गाडीत चढा. निम्मी बॅग तिथेच मोकळी होते. गाडीत वातानुकूलित डब्याचे तिकीट असेल तर चादर, उशी आणि ब्लँकेट रेल्वेकडून मिळते. स्लीपरचे असेल तर मिळत नाही आणि रात्री डबा चांगलाच गारठतो. तेव्हा तिकीट पाहूनच सामाईक रकान्यात ‘शाली व पांघरुणे’ लिहायचे की ‘नाही’ लिहायचे ते ठरवा.

पादत्राणांची ओळ छोटी आहे, पण तिच्यात चूक झाली तर रोज जाणवते. मेहरानगडावर चढ आहे आणि जैसलमेरच्या किल्ल्यातल्या दगडी वाटा पावलांनी गुळगुळीत झालेल्या आहेत. सासूबाईंना घसरणार नाहीत असे बंद बूट किंवा मागे पट्टा असलेले सँडल हवेत, नुसती चप्पल नको. (मेहरानगडावर लिफ्टची सोय आहे, तिचा लाभ घ्यायला संकोच करू नये.) किल्ल्यातली जैन मंदिरे पाहायची असतील तर बूट काढावे लागतात आणि चामड्याच्या वस्तू आत नेऊ देत नाहीत, यजमानांना कापडी पट्टा आणि साधे पाकीट घ्यायला सांगा. प्रत्येकी दोनच जोड : एक पायात, एक खोलीत वापरायची सपाता. नवे बूट या सहलीत पहिल्यांदा घालू नयेत.

औषधांच्या ओळीत सासूबाईंच्या गोळ्या ही सर्वांत महत्त्वाची चौकट आहे, आणि तिथे ‘पुरेशा’ हा शब्द चालणार नाही. आठ दिवसांच्या अधिक तीन दिवसांच्या, म्हणजे अकरा दिवसांच्या गोळ्या मोजून घ्या. गाडी रद्द झाली किंवा मुक्काम वाढला तर तेवढी सवड हवी. त्या दोन वाटण्यांत ठेवा : सहा दिवसांच्या त्यांच्या स्वतःच्या पर्समध्ये, पाच दिवसांच्या दुसऱ्या बॅगेत, म्हणजे एक बॅग हरवली तरी दुसऱ्या दिवशीची सोय राहते. पाकिटातल्या गोळ्या सुट्या काढून डबीत भरू नका आणि पट्टी कापताना औषधाचे नाव व मुदतीची तारीख असलेला भाग कापून टाकू नका. परगावचा औषधविक्रेता तो भाग पाहूनच गोळी देऊ शकतो. चिठ्ठीचा फोटो तुमच्या आणि यजमानांच्या, दोघांच्या फोनमध्ये असू द्या. साखर तपासण्याचे यंत्र नेत असाल तर पट्ट्यांची डबी आणि सुया यंत्रासोबतच एका पिशवीत. बहुतेकदा यंत्र पोहोचते आणि पट्ट्या घरी राहतात. प्रवासात जेवणाच्या वेळा चुकतात, म्हणून त्यांच्या पर्समध्ये बिस्किटे आणि साखरेच्या पुड्याही लिहा.

मुलाच्या चौकटीत तापाचे पातळ औषध येते. त्याच्या बाटल्या वेगवेगळ्या तीव्रतेच्या असतात, म्हणून तिकडे दुसरी बाटली विकत घेऊन घरचाच ‘एक चमचा’ देणे धोक्याचे ठरू शकते. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली बाटली, तिचे मापाचे झाकण आणि झाकणावर चिकटवलेल्या पट्टीवर मात्रा लिहून न्या. जलसंजीवनीची मोठी पाकिटे सामाईक रकान्यात चार; एक पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवायचे असते, पेलाभर पाण्यात नव्हे. मुलीच्या चौकटीत, वय ११ असल्यामुळे, सॅनिटरी पॅडचे एक छोटे पाकीट आणि एक जास्तीचा आतला कपडा शांतपणे लिहून ठेवा आणि तो कुठे आहे ते तिला सांगा. पाळी अजून सुरू झाली नसली तरी पहिली वेळ वाळवंटातल्या तंबूत येऊ शकते.

प्रसाधनाच्या ओळीत एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. कोरड्या थंडीत सर्वांची त्वचा आणि ओठ फुटतात, त्यामुळे व्हॅसलीन आणि तेल लागणारच. पण खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठते आणि अरुंद तोंडाच्या बाटलीतून सकाळी थेंबही निघत नाही. रुंद तोंडाची डबी न्या, म्हणजे बोटाने काढता येईल. साबण, टूथपेस्ट, कंगवा हे नेहमीचेच. टूथपेस्ट सामाईक, ब्रश मात्र पाचही रकान्यांत वेगवेगळे लिहा.

कागदपत्रांपैकी तिकिटाची प्रत फोनवर असली तरी मूळ ओळखपत्र जवळ लागते, आणि हॉटेलात प्रत्येक मोठ्या माणसाचे मागतात. तिघांचीही ओळखपत्रे एकाच्याच पाकिटात ठेवू नका. मुलीचेही एक ओळखपत्र सोबत असावे. थोडी रोकड दोन ठिकाणी विभागून ठेवा.

चार्जरची ओळ तुमच्यासाठी खास. आधी घरातली यंत्रे मोजा : फोन तीन, पॉवर बँक एक, कॅमेरा असल्यास एक. आता त्यांच्या तारा मोजा, कारण यादीत ‘चार्जर’ लिहिले तर डबी येते आणि तार राहते. तंबूत प्लगची जागा एखाददुसरीच असते, म्हणून चार खाचांचा एक एक्स्टेंशन बोर्ड न्या; मग रांग लागत नाही. हे सगळे एका झिपच्या पिशवीत, आणि तिचा जबाबदार यजमान. खाणे-पाणी आणि करमणूक या ओळी मी तुमच्यावर सोडतो; मात्र गाडीतल्या रात्रीचे जेवण सामाईक रकान्यात लिहा आणि मुलाच्या आवडत्या खेळण्यापुढे ‘एक’ असा आकडा घाला.

आता बॅगा. वातानुकूलित तीन-स्तरीय डब्यात प्रत्येकी ४० किलो सामान नेता येते, पण तुम्हाला मर्यादा पडते ती हातांची. एकाच्या कडेवर मूल असणार, सासूबाईंनी जड काही उचलायचे नाही, म्हणजे चाकांच्या दोन बॅगा आणि पाठीवरच्या दोन सॅक एवढेच. बॅग १ तुम्ही, यजमान आणि मुलगा. बॅग २ सासूबाई आणि मुलगी. प्रत्येकाचे कपडे वेगळ्या रंगाच्या कापडी पिशवीत, म्हणजे एकाचा शर्ट शोधताना चौघांचे कपडे विसकटत नाहीत. सॅक १ गाडीत लागणाऱ्या वस्तूंची, सॅक २ औषधे व कागदपत्रांची. याशिवाय घडी घालून ठेवलेली एक रिकामी कापडी बॅग घ्या, ती समसाठी. मंगळवारी आणि गुरुवारी जैसलमेरचे हॉटेल एकच ठेवले, तर मोठ्या बॅगा तिथल्या सामानखोलीत ठेवायला सहसा हरकत घेत नाहीत आणि तंबूत फक्त एक बॅग न्यावी लागते. तक्त्यात समला लागणाऱ्या वस्तूंपुढे ‘स’ असे अक्षर आधीच लिहा : पाचही जणांचा उबदार जोड, स्वेटर, जाकीट, कानटोपी आणि मोजे, सासूबाईंची लेगिंग आणि दोन दिवसांच्या गोळ्या, मुलाचे दोन जोड आणि दोन डायपर, टॉर्च, एक्स्टेंशन बोर्ड, ब्रश आणि एक टॉवेल. बुधवारी सकाळी दहा मिनिटांत ही बॅग भरून होते. हे अक्षर नसेल तर हॉटेलच्या पलंगावर दोन्ही बॅगा रिकाम्या कराव्या लागतात.

खुणा करण्याची रीतही ठरवून घ्या. वस्तू कपाटातून काढून पलंगावर ठेवली की तिच्यापुढे एक तिरकी रेघ. बॅगेत गेली की दुसरी रेघ मारून फुली. ‘काढून ठेवले आहे’ आणि ‘भरले आहे’ यांत बरेच घरगुती सामान अडकून राहते, कारण दोन्हींसाठी आपण एकच खूण करतो. फुली फक्त बॅग भरणाऱ्याने मारावी, बाहेरून आवाज देऊन मारून घेऊ नये. एकच रेघ असलेली चौकट म्हणजे वस्तू अजून पलंगावर किंवा खुर्चीवर आहे, हे कुणालाही एका नजरेत कळते.

तरीही काही वस्तू शनिवारी सकाळपर्यंत भरताच येत नाहीत, कारण त्या वापरात असतात, आणि नेमक्या त्याच राहतात : ब्रश, चष्मा, रात्री लावलेला चार्जर, सकाळची गोळी घेतल्यानंतरची पट्टी, मुलाची पाण्याची बाटली, फ्रीजमधले गाडीतले जेवण. तक्ता भरताना अशा वस्तूंवर गोल करा आणि त्या सर्व एका वेगळ्या कागदावर उतरवून तो कागद मुख्य दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. या कागदावर दहापेक्षा जास्त वस्तू येऊ देऊ नका. त्या वाढल्या तर भरायचे काम शेवटच्या सकाळवर ढकलले जात आहे असे समजा आणि ज्यांच्याशिवाय एक रात्र निघेल त्या शुक्रवारीच आत टाका. दाराला कुलूप लावण्यापूर्वी हा कागद मुलीला मोठ्याने वाचायला सांगा आणि प्रत्येक वस्तू हातात धरून दाखवल्याशिवाय तिने पुढे जाऊ नये. अकरा वर्षांच्या मुली या कामात कुणाची गय करत नाहीत.

तक्ता आजच आखायला घ्या आणि कपड्यांची ओळ आधी भरा. सहलीच्या पाच दिवस आधी विकत आणायच्या वस्तूंपुढे ‘आणणे’ असे लिहून बाजार करा. उबदार लेगिंग, दोरी आणि पट्ट्यांची डबी या तीन गोष्टींपुढे ते येईल असा माझा अंदाज आहे. गुरुवारी भरायला सुरुवात करा आणि शुक्रवारी रात्री दोन्ही बॅगा एकदा उचलून पाहा. सासूबाई आणि मुलगी यांची बॅग २ मुलीला स्वतःला चार पायऱ्या चढवता आली पाहिजे. येत नसेल तर सासूबाईंची एक साडी आणि मुलीचे एक जाड पुस्तक बाहेर काढा. तोच तक्ता सॅक २ मध्ये घडी घालून ठेवा, कारण प्रत्येक हॉटेल सोडताना चार्जरची ओळ, स्नानघरातली खुंटी, उशीखालची जागा आणि कपडे वाळत घातलेली दोरी, एवढे त्यावरून पाहायचे आहे.